दसऱ्याचं सोनं मोजताना : ‘धर्माची शिकवण आणि निसर्ग’ हा प्रकल्प नीट कसा करायचा

अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयात हा प्रकल्प दरवर्षी कोणीतरी घेतंच, आणि फाईल उघडण्याआधीच आत काय असेल ते मला ठाऊक असतं. पहिल्या पानावर ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’, मग एकेका धर्माला एकेक पान, प्रत्येक पानावर एक चित्र आणि दोन वचनं, शेवटी ‘सर्व धर्म निसर्गरक्षण शिकवतात’ असा निष्कर्ष. त्यात चुकीचं काही नसतं, पण विद्यार्थ्याने केलेलंही काही नसतं. म्हणून या वेळी एकच शिकवण घेऊन ती आपल्याच गावात तपासायची रीत सांगतो. उदाहरण दसऱ्याच्या आपट्याचं घेतलं आहे, कारण विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात ते हाताशी सापडतं आणि त्यात मोजण्यासारखं काही आहे.

अधिक महिना मध्ये आला नाही तर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत साधारण ४० दिवस मिळतात. तान्हा पोळा झाला की त्याच आठवड्यात सुरुवात करा. घटस्थापनेला वही उघडणाऱ्यांच्या हातून पहिली मोजणी निसटते, आणि ती एकदा निसटली की वर्षभर परत करता येत नाही.

## १. वचन नको, नियम शोधा

पहिली चूक निवडीतच होते. छान वाटणारं वचन आणि तपासता येणारी शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणीला चार प्रश्न विचारा: हे कोणी करायचं? काय करायचं किंवा टाळायचं? केव्हा? कुठवर? चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर ती प्रकल्पाला चालते.

तुकोबांचा अभंगच घ्या. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ म्हटल्यावर पुढच्याच कडव्यात ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ असं येतं. हा एकांतात मिळणाऱ्या सुखाचा अभंग आहे. झाडं लावा, झाडं तोडू नका, असं तुकोबा इथे कोणाला सांगत नाहीत. चार प्रश्न विचारले तर एकाचंही उत्तर हाती लागत नाही. अभंग मोठा आहे, पण त्यावर मोजणी उभी राहत नाही.

आता याच्या उलट उदाहरणं पाहा. बायबलच्या जुन्या करारात, अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, नगराला वेढा घातलेल्या सैन्यासाठी नियम आहे: फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका, ज्यांना खाण्याजोगं फळ येत नाही ती तोडा. कोणी, काय, केव्हा, कुठवर, सगळं त्यात आहे. कुराणाच्या सहाव्या सूरेत फळबाग आणि पिकांबद्दल सांगितलं आहे की पीक हाती आलं की खा, कापणीच्या दिवशीच त्यातला हक्काचा वाटा देऊन टाका, आणि उधळपट्टी करू नका. बौद्ध भिक्खूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, वनस्पतींना इजा न करण्याचा नियम आहे, आणि पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहण्याचा वर्षावासही आहे. त्याचं कारण तिथेच दिलेलं आहे: पावसात फिरणारे भिक्खू हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार होती.

गडचिरोलीकडच्या मुलांना तर ग्रंथ उघडायचीही गरज नाही. माडिया-गोंड गावांत मरका पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. नियम तोंडी आहे, पण इतका काटेकोर की तारीख गावाला विचारून वहीत लिहिता येते. कुठल्या कुळाला कुठलं झाड तोडायची मनाई आहे, हेही तिथे विचारलं तर सांगतात.

तपासा: तुम्ही निवडलेली शिकवण एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘महत्त्व’, ‘प्रेम’ किंवा ‘आदर’ हेच मुख्य शब्द असतील तर अजून नियम सापडलेला नाही.

## २. मूळ जागा गाठा

मोबाईलवर फिरणारं वचन तसंच उतरवू नका. भिंतीवर रंगवलेलं ‘दहा पुत्रांबरोबर एक झाड’ हे वचन मुलं सर्रास वेदांच्या नावावर टाकतात. ते मत्स्यपुराणातलं आहे. पार्वती अशोकाचं रोप पुत्र मानून वाढवते, त्या प्रसंगात ते येतं: दहा विहिरींबरोबर एक बारव, दहा बारवांबरोबर एक डोह, दहा डोहांबरोबर एक पुत्र आणि दहा पुत्रांबरोबर एक झाड. ओळ कुठली हे कळलं की तिच्या आधी विहिरी आणि पाणी आहे हेही कळतं, आणि प्रकल्पाला दुसरी वाट सापडते.

आपट्याच्या बाबतीत मूळ शोधणं जास्त गमतीचं आहे. गावात सांगतात ती कथा अशी: कौत्साला गुरुदक्षिणा म्हणून १४ कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या. तो रघुराजाकडे आला तेव्हा राजाने यज्ञात सगळं वाटून टाकलेलं होतं. रघूने कुबेरावर चाल करायचं ठरवलं, तशी कुबेराने रातोरात सोन्याची वृष्टी केली, आणि ती पडली आपट्याच्या झाडावर. कौत्साने १४ कोटी मोजून घेतल्या, एकही वरची घेतली नाही. उरलेलं सोनं लोकांनी लुटलं, म्हणून आपण आपट्याची पानं ‘सोनं’ म्हणून वाटतो.

आता कालिदासाच्या रघुवंशाचा पाचवा सर्ग एखाद्या संस्कृतच्या शिक्षकांकडून समजून घ्या. कौत्स आहे, १४ कोटी आहेत, कुबेर आहे. पण सोनं पडतं ते राजाच्या कोषागारात. आपटा तिथे नाही. तिथे अयोध्येचे लोक दोघांचंही कौतुक करतात: गुरूला देण्यापेक्षा जास्त न घेणाऱ्या याचकाचं आणि मागितल्याहून जास्त देऊ पाहणाऱ्या राजाचं. पूजेत म्हणतात तो ‘अश्मन्तक महावृक्ष’ हा श्लोकही पाहा. अश्मंतक म्हणजे आपटा. श्लोकात झाडाला महादोष दूर करणारा म्हटलं आहे, इष्टांची भेट घडव आणि शत्रूंचा नाश कर असं मागितलं आहे. पान तोडा असं त्यात कुठेही नाही.

म्हणजे एका सणाचे तीन धागे झाले: लोककथा, काव्य आणि पूजेचा श्लोक. तिन्ही वेगळे लिहा, एकात कालवू नका. झाडाचा संबंध लोककथेतून येतो, तर तिला ‘आमच्या गावात सांगितली जाणारी कथा’ असंच नाव द्या आणि कोणी सांगितली ते वय आणि नात्यासकट नोंदवा. लोककथा ही खालच्या दर्जाची माहिती नाही. ती ग्रंथातली आहे असं खोटं सांगितलं की मात्र ती वाया जाते.

या कथेतून तपासायचा नियम निघतो तो असा: आपल्याला लागतं तेवढंच घ्यावं. प्रकल्पाचा प्रश्नही ठरला: आपल्या गावात सोनं घेताना लागतं तेवढंच घेतलं जातं का?

थांबा: हा नियम कथेतून आपण काढला आहे, कोणी आज्ञा म्हणून दिलेला नाही. फाईलमध्ये हे एका ओळीत कबूल करा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येतो.

## ३. झाडं ओळखा आणि नेमा

मोजणीआधी झाड ओळखता आलं पाहिजे, नाहीतर कांचनाची फांदी आपटा म्हणून मोजली जाईल. दोघांची पानं जुळ्या पाळ्यांची असल्यामुळे बाजारात आपटा म्हणून कांचन सहज खपतो. आपट्याचं पान लहान असतं, साधारण दोन बोटांच्या पेरांएवढं; लांबीपेक्षा रुंदी जास्त, पोत जाडसर, मागची बाजू फिकट आणि लवदार. कांचनाचं पान मोठं, पुष्कळदा तळहाताएवढं, आणि पातळ. शंका आली तर दहा पानं घेऊन पट्टीने लांबी-रुंदी मोजा. एका पानावर निकाल देऊ नका, कोवळी फूट फसवते.

झाडं चार पुरेत. दोन गावाच्या रस्त्यालगतची आणि दोन आत, कोणाच्या तरी धुऱ्यावरची. सगळी झाडं रस्त्याकडची घेतली तर तुलनाच उरत नाही. धुऱ्यावरच्या झाडासाठी शेतमालकाला आधी विचारा. झाडाला खिळा मारू नका; सुतळीने पुठ्ठ्याचा क्रमांक बांधा आणि काम संपलं की काढून घ्या.

थांबा: जंगलातलं झाड नेमायचं असेल तर वनरक्षकांना सांगितल्याशिवाय आणि मोठ्या माणसाशिवाय जाऊ नका. ताडोबाच्या आसपासच्या गावांतल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, पण बाहेरून शिकायला आलेल्यांना सांगावं लागतं. बहुतेक प्रकल्प धुऱ्यावर आणि रस्त्यावरच पूर्ण होतात.

## ४. दसऱ्याआधीची मोजणी

सगळ्यात जास्त फाईली इथेच फसतात. दसऱ्यानंतर झाड पाहायचं, फांद्या तुटलेल्या दिसल्या की ‘लोकांनी तोडल्या’ लिहायचं. त्यातल्या काही वाऱ्याने तुटल्या असतील, काही बकऱ्यांनी ओरबाडल्या असतील, काही महिनाभरापूर्वी कोणी दातणाला नेल्या असतील.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी चारही झाडांपाशी जा. पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून जाड अशी ताजी तुटलेली टोकं मोजा. पेन्सिलीची अट घालण्याचं कारण इतकंच की दोघांनी मोजलं तरी आकडा जवळपास यावा. बकरीने खाल्लेल्या डहाळीचं टोक चावल्यासारखं दिसतं आणि आसपासची पानंही अर्धवट असतात. हाताने मोडलेल्या फांदीची साल एका बाजूने खाली सोललेली असते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

फोटो काढताना ठरलेल्या जागी उभे राहा. पायाशी दगड ठेवा किंवा कुंपणाच्या एखाद्या खांबाची खूण धरा. आधीचा फोटो पूर्वेकडून आणि नंतरचा पश्चिमेकडून काढला तर तो पुरावा राहत नाही, नुसती सजावट होते.

तपासा: दोन मुलांनी एकमेकांना न सांगता एकच झाड मोजा. आकड्यांत दोन-तीनपेक्षा जास्त फरक पडला तर ‘ताजं’ कशाला म्हणायचं यावर तुमचं एकमत झालेलं नाही. आतला भाग पांढरट-हिरवा आणि ओलसर असेल तर ताजं, असं ठरवा आणि पुन्हा मोजा.

## ५. माणसांना विचारायचं

प्रश्नावलीत ‘तुम्हाला निसर्गाची आवड आहे का?’ असा प्रश्न घातला की सगळी उत्तरं ‘होय’ येतात आणि तुमचा गोल आलेख एकाच रंगाचा होतो. मागच्या खऱ्या दसऱ्याबद्दल विचारा. सोनं कुठून आणलं? कोणी आणलं? पानं खुडून आणली की फांदी? किती जणांना वाटलं? दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं काय केलं? शेवटचा प्रश्न विसरू नका. ‘लागतं तेवढंच’ हा नियम पाळला की मोडला, ते उरलेल्या ढिगावरून कळतं.

बारा-पंधरा घरं पुरेत, पण वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली. काही घरांत दसऱ्याला सोनं वाटत नाहीत. आपल्याकडच्या बौद्ध वस्तीत त्या दिवसाला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं महत्त्व आहे, कारण १९५६ साली नागपूरची दीक्षा अशोक विजयादशमीला झाली. तिथे ‘तुम्ही सोनं का वाटत नाही’ असं विचारणं उद्धटपणाचं आहे. ‘तुमच्याकडे झाडापाण्याबद्दल काय सांगतात, काकाजी?’ असं विचारा आणि जे सांगतील ते वेगळ्या पानावर घ्या. मशिदीतल्या मौलानांना भेटायचं तर नमाजाची वेळ टाळा. गोंड वस्तीत भूमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, भेटायला घरचं कोणी मोठं सोबत न्या. देवस्थानाचा फोटो काढू का, हे आधी विचारा. नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला.

उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘वेळेअभावी फांद्या तोडल्या जातात’ असं शुद्ध करून टाकू नका. एखादी आजी म्हणेल, “पानं खुडाले वेळ लागते ना बापू, फांदी आणली का घरी बसून तोडता येते.” या एका वाक्यात प्रकल्पाचं अर्धं कारण सापडतं: लोकांना जास्त सोनं हवं असतं म्हणून फांदी तुटते असं नाही, उन्हात झाडाखाली उभं राहावं लागू नये म्हणून तुटते. शुद्ध केलेल्या वाक्यात हे कारण दिसत नाही.

## ६. दसऱ्यानंतरची मोजणी आणि ढीग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच चारही झाडं पुन्हा मोजा, त्याच अटीने. उशीर केला तर टोकं वाळतात आणि ताजं-जुनं ओळखणं अवघड होतं.

त्याच दिवशी देवळाचा पार, बाजाराची जागा किंवा सीमोल्लंघनाची वाट यांपैकी एका ठिकाणी पडलेला ढीग शोधा. त्यातून वरून, मधून आणि खालून मिळून १०० पानं उचला आणि दोन वाटण्या करा: आपटा आणि कांचन. मग डहाळ्या पाहा. पानं तशीच लगडलेली किती आणि रिकामी किती? पानं लगडलेली डहाळी म्हणजे तोडलं पण वाटलं नाही.

आकडे कसे वाचायचे ते एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. समजा, दसऱ्याआधी रस्त्याच्या दोन झाडांवर ३ आणि २ ताजी टोकं होती, धुऱ्यावरच्या दोन झाडांवर १ आणि ०. दसऱ्यानंतर रस्त्यावरची ३१ आणि २४ झाली, धुऱ्यावरची ४ आणि २. वाढ काढा: रस्त्यावर २८ आणि २२ मिळून ५०, धुऱ्यावर ३ आणि २ मिळून ५. म्हणजे एकूण ५५ पैकी ५० फांद्या रस्त्याच्या दोन झाडांवरून गेल्या. आधीची मोजणी नसती तर तुम्ही ५५ ऐवजी ६१ लिहिलं असतं, आणि आधीच तुटलेली सहा टोकं दसऱ्याच्या नावावर चढली असती.

## ७. निष्कर्ष किती ताणायचा

वरच्या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की या गावात, या दसऱ्याला, नेमलेल्या चार झाडांपैकी रस्त्यावरच्या झाडांवर बहुतेक भार पडला. ‘आपटा नामशेष होत आहे’ असं म्हणता येत नाही. झाड मेलं असंही म्हणता येत नाही. आपटा तोडल्यावर फुटणारं झाड आहे, पण पानगळीनंतरची पालवी यायला उन्हाळा उजाडतो. दिवाळीनंतर टोकाला फूट दिसली नाही म्हणून फांदी मेली असं लिहू नका. जमलं तर मे महिन्यात पुन्हा एकदा जाऊन किती टोकं फुटली ते पाहा. बारावीच्या मुलांना तेव्हा सवड नसते, म्हणून हे काम अकरावीच्या गटाकडे वही देऊन सोपवा.

मग कथेशी ताडून पाहा. कौत्साने मोजून घेतलं. गावात सोनं मोजून घेतलं जातं का? ढिगातल्या लगडलेल्या डहाळ्या हे त्याचं उत्तर आहे. इथे लोकांना दोष देणारी भाषा वापरू नका. ‘अंधश्रद्धेमुळे’ हा शब्द तर मुलं न विचारता टाकतात. पान वाटण्यात श्रद्धा किती आणि भेटीगाठी किती, हे तुम्ही तपासलेलंच नसतं.

दुसऱ्या धर्मांचं पान जोडायचं असेल तर याच धाग्यात जोडा. कुराणातला कापणीच्या दिवशीचा वाटा आणि उधळपट्टीची मनाई, मरका पंडुमची ‘आधी नाही’ ही अट, विनयातला वनस्पतींना इजा न करण्याचा नियम: यातल्या ज्या एका-दोन नियमांबद्दल तुम्ही गावातल्या माणसाशी बोललात तेवढेच घ्या. ज्याबद्दल कोणाशी बोलला नाहीत, तो धर्म ‘राहून गेला’ म्हणून घाईने एक चित्र चिकटवू नका.

## ८. फाईल बांधताना

क्रम असा ठेवा: प्रश्न, नियम कुठून घेतला, झाडांचा नकाशा, आधीची मोजणी, मुलाखती, नंतरची मोजणी, ढिगाचा हिशोब, निष्कर्ष, आणि शेवटी काय चुकलं. शेवटचं पान बहुतेक जण गाळतात. एका वर्षी माझ्याच गटाने दुसऱ्या मोजणीला तिसऱ्या दिवशी गाठलं, तोवर रस्त्याच्या एका झाडाची फांदी विजेच्या तारेला लागते म्हणून छाटून टाकलेली होती. मुलांनी तो आकडा गाळला नाही; त्याच्यापुढे फुली मारून बाजूला कारण लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या शिक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या फुलीवरच विचारलं, आणि मुलांना सगळ्यात नीट उत्तर त्याचंच देता आलं.

मूळ वही फेकू नका, घामाचे डाग पडलेली असली तरी. फाईलच्या मागच्या खिशात ठेवा.